पोलादी बांधकामाच्या ड्रॉइंगवरील टिपांचे भाषांतर : सेक्शन, बोल्ट आणि वेल्ड

प्रास्ताविक

मागील घटकात आपण कार्यालयीन मजकुराच्या भाषांतराचा विचार केला. त्या मजकुराचा वाचक टेबलाशी बसलेला असतो. शंका आली तर तो मागचे पान उलटतो, कोश काढतो, नाही तर फाइल तशीच बाजूला ठेवतो. या घटकातील वाचक उभा आहे. तो फॅब्रिकेशनच्या कारखान्यातील सुपरवायझर आहे. त्याच्या एका हातात मोजपट्टी व दुसऱ्या हातात तेलकट झालेले ड्रॉइंग आहे, आणि त्याच्या सांगण्याची वाट पाहत एक वेल्डर व दोन फिटर थांबले आहेत. ड्रॉइंगच्या उजव्या कडेला इंग्रजीत दहाबारा टिपा आहेत. त्यांचे मराठी भाषांतर तुम्ही करावयाचे आहे.

असे काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले होते. पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यासाठी मी काही ड्रॉइंगवरील टिपा मराठीत आणल्या. भाषाशास्त्राचा अध्यापक असल्याने मला वाटले होते की अडचण पारिभाषिक शब्दांची येईल. प्रत्यक्षात अडचण आली ती 'अंतर', 'बाजू' आणि 'घट्ट' या तीन शब्दांची. हे शब्द शाळकरी मुलालाही कळतात, आणि नेमके म्हणूनच ते आपल्या हातून निसटतात. या घटकाचा मुख्य विषय हे तीन शब्दच आहेत.

आरंभी एक सूचना. छपाईच्या सोयीसाठी मूळ इंग्रजी टिपा येथे देवनागरीत उतरवल्या आहेत. मराठी भाषांतराचे नमुने मात्र कारखान्यात जसे द्यावे लागतात तसेच दिले आहेत, म्हणजे त्यांतील आकडे व सांकेतिक नावे ड्रॉइंगवर असतात त्याच लिपीत ठेवली आहेत. त्याचे कारण पुढील परिच्छेदांत येईल.

काय भाषांतरित करू नये

पोलादाचे गर्डर, चॅनेल व अँगल ज्या मापांत मिळतात त्यांना ठरलेली नावे आहेत, आणि ती भारतीय मानक आयएस ८०८ मध्ये नोंदलेली आहेत. ISMB 300 म्हणजे तीनशे मिलिमीटर उंचीचा, मध्यम वजनाच्या मालिकेतला, इंग्रजी आय अक्षरासारखा दिसणारा बीम. ISA 75 × 75 × 8 म्हणजे दोन्हीकडे पंचाहत्तर मिलिमीटर रुंदीचा व आठ मिलिमीटर जाडीचा अँगल. ही वर्णने नव्हेत, ही विशेषनामे आहेत. गोदामातील मालावर रंगाने हेच लिहिलेले असते, चलनावर हेच असते आणि कटिंगच्या यादीतही हेच असते. तुम्ही भाषांतरात 'भारतीय मानक मध्यम तुळई ३००' असे लिहिले, तर मराठीची सेवा केल्याचे समाधान तुम्हाला मिळेल. पण सुपरवायझरला ते नाव गोदामात कोठेही सापडणार नाही.

आकड्यांचेही तसेच आहे. कारखान्यातील मोजपट्टीवर, गेजवर आणि ड्रॉइंगवर आंतरराष्ट्रीय अंक असतात. त्यांच्या शेजारी देवनागरी अंक आले की घोटाळ्याला जागा होते, कारण देवनागरी १ आणि आंतरराष्ट्रीय 9 यांची वळणे एकमेकांच्या फार जवळ आहेत. घाईत, मंद उजेडात, ग्रीसचा डाग पडलेल्या कागदावर '१२' हा आकडा कोणी ब्याण्णव असा वाचला तर दोष वाचणाऱ्याचा नाही. म्हणून टिपेच्या भाषांतरात आकडे मूळचेच ठेवावेत. या पुस्तिकेच्या विवेचनात मी देवनागरी अंक वापरतो, कारण येथे कोणी पोलाद कापत नाही.

बीमच्या अंगांची नावे कारखान्यात रुळलेली आहेत. वरच्या व खालच्या आडव्या पट्टीला 'फ्लँज' आणि मधल्या उभ्या भागाला 'वेब' म्हणतात. एका विद्यार्थ्याने सराव-चाचणीत 'बीम वेब'चे भाषांतर 'तुळईचे जाळे' असे केले होते. कोशात पाहून केले होते, हे विशेष. परिभाषा कोशांतील 'तुळई', 'स्तंभ', 'वितळजोड' हे शब्द पाठ्यपुस्तकात आणि निविदेत शोभतात, आणि मला ते आवडतातही. परंतु या टिपेचा वाचक 'बीम', 'कॉलम' आणि 'वेल्ड' म्हणतो. शिवाय 'भोक', 'आटे', 'पाना', 'गुण्या', 'पट्टी', 'टाका' हे अस्सल मराठी शब्दही तोच वापरतो. त्याची ही मिश्र बोली सुधारण्यासाठी आपल्याला बोलावलेले नाही.

एका शब्दाकडे मात्र लक्ष द्यावे. इंग्रजीत 'सेक्शन' हा एकच शब्द दोन अर्थांनी येतो. कारखान्यात तो बीम-अँगलसारख्या घडीव मालाला लावतात. ड्रॉइंगवर 'सेक्शन ए-ए' असे लिहिलेले असते तेव्हा तो वस्तू आडवी कापली असता दिसणारी आकृती दाखवतो. पहिल्या अर्थी 'सेक्शन' ठेवावा आणि दुसऱ्या अर्थी 'छेद' वापरावा. मूळ भाषेत एका शब्दात गुंतलेले दोन अर्थ मराठीत वेगळे करता आले, तर ती संधी सोडू नये.

'घट्ट' म्हणजे किती घट्ट

बोल्टविषयीची टीप बहुधा अशी असते : 'ऑल बोल्ट्स टु बी एम ट्वेंटी, ग्रेड ८.८, इन २२ डाया होल्स, स्नग टाइट'. येथील M20 म्हणजे वीस मिलिमीटर व्यासाचा बोल्ट. ८.८ हा आकडा दशांश अपूर्णांकासारखा दिसतो, पण तो माप नाही. पहिला आठ सांगतो की हा बोल्ट ताणून तुटण्यास प्रत्येक चौरस मिलिमीटरला आठशे न्यूटन बल लागेल. दुसरा आठ सांगतो की त्याच्या ऐंशी टक्क्यांवर, म्हणजे सहाशे चाळीसवर, तो कायमचा लांबू लागेल. साध्या ४.६ च्या बोल्टात पहिला आकडा चारशेचा असतो. म्हणजे भाषांतरातून '8.8' गळले आणि कोणी पेटीतले साधे बोल्ट वापरले, तर ताकद निम्मी होते, आणि लांबून पाहणाऱ्याला दोन्ही बोल्ट सारखेच दिसतात. ओळख पटते ती बोल्टच्या डोक्यावरील आकड्यावरून. म्हणून '8.8' तसेच ठेवावे, आणि 'बोल्टच्या डोक्यावर 8.8 असल्याची खात्री करावी' असे वाक्य जोडता येईल का, हे अभियंत्यास विचारावे.

वीसच्या बोल्टाला बावीसचे भोक हे चूक वाटण्याजोगे आहे. पण ते तसेच असते. सोळा ते चोवीस मिलिमीटरच्या बोल्टांसाठी आयएस ८०० हे मानक नेहमीच्या भोकाला दोन मिलिमीटरची सैल जागा देते, कारण जोडणीच्या वेळी दोन तुकड्यांची भोके तंतोतंत समोर येत नाहीत. 'सर्व बोल्ट M20, भोके 22' असे तुटक भाषांतर केले तर हे नाते दिसत नाही आणि आकड्यात चूक झाली असावी असा संशय येतो. 'M20 बोल्टसाठी 22 मिमी व्यासाचे भोक पाडावे' असे लिहिले की 'साठी' हे एक शब्दयोगी अव्यय दोन आकडे बांधून ठेवते.

आता 'स्नग टाइट'. हे 'घट्ट' नव्हे आणि 'सैल'ही नव्हे. ही एक नेमकी अवस्था आहे. एका माणसाने साध्या लांब पान्याने पूर्ण जोर लावून आवळले असता जेवढे घट्ट होईल, आणि ज्यात दोन्ही प्लेटा एकमेकांना नीट टेकतील, तेवढे. काही जोडांत बोल्ट याहून पुष्कळ अधिक आवळावे लागतात. अगोदर या अवस्थेपर्यंत आणून, खूण करून, नट आणखी ठरावीक भाग वळवतात. अशा जोडात प्लेटा एकमेकांवर इतक्या दाबल्या जातात की भार मुख्यतः घर्षणाने पलीकडे जातो. दोन्हींचे भाषांतर 'घट्ट आवळावेत' असे झाले, तर दोन वेगळे जोड एक होऊन बसतात. मी पहिल्यासाठी 'साध्या पान्याने एका माणसाच्या पूर्ण जोराने आवळावेत' असे लिहितो आणि दुसऱ्यासाठी 'पूर्ण ताण येईपर्यंत आवळावेत. पद्धत टीप क्र. अमुकप्रमाणे' असे लिहितो. वाक्ये लांबतात, हे खरे.

घर्षणाच्या जोडाबरोबर आणखी एक टीप येते : 'फेइंग सरफेसेस टु बी लेफ्ट अनपेंटेड'. 'फेइंग' हा शब्द इंग्रजी कोशातही चटकन सापडत नाही आणि कारखान्यातही कोणी उच्चारत नाही. तेव्हा त्याला मराठी नाम शोधण्याची गरज नाही. त्याचा अर्थ वाक्यात उलगडावा. 'बोल्ट आवळल्यावर एकमेकांना टेकणारे पृष्ठभाग रंगवू नयेत.' ज्या घर्षणावर जोड उभा आहे ते रंगाच्या थराने कमी होते, म्हणून ही मनाई असते. रंगाऱ्यापर्यंत ही टीप पोहोचली नाही तर जोड दिसायला अधिक देखणा होतो, आणि चूक शोधायला पुन्हा बोल्ट उघडावे लागतात.

चार ठिकाणी एकच 'बाजू'

वेल्डची सूचना बहुतांशी शब्दांनी नव्हे, तर चिन्हाने दिलेली असते. एक आडवी संदर्भरेषा असते, तिच्या टोकापासून निघालेला बाण जोडावर टेकतो आणि रेषेवर लहान त्रिकोण असतो. हा त्रिकोण म्हणजे फिलेट वेल्ड. दोन प्लेटा काटकोनात भेटतात त्या कोपऱ्यात भरलेला हा त्रिकोणी वेल्ड होय. रेषेच्या व बाणाच्या सांध्यावर लहान वर्तुळ असेल तर वेल्ड सभोवार करावयाचा असतो, आणि तेथे झेंडा असेल तर तो कारखान्यात न करता बांधकामाच्या जागेवर करावयाचा असतो.

चिन्हाचे भाषांतर करावे लागत नाही, असे तुम्हाला वाटेल. परंतु ड्रॉइंगवर चिन्हांचा खुलासा करणाऱ्या टिपा असतात आणि त्यांत 'अ‍ॅरो साइड' व 'अदर साइड' हे शब्द हमखास येतात. अमेरिकी पद्धतीच्या ड्रॉइंगवर त्रिकोण संदर्भरेषेच्या खाली असेल तर वेल्ड 'अ‍ॅरो साइड'ला आणि वर असेल तर 'अदर साइड'ला करावयाचा असतो. आंतरराष्ट्रीय आयएसओ मानकाच्या एका पद्धतीत संदर्भरेषेला समांतर अशी एक तुटक रेषा असते. तेथे त्रिकोण अखंड रेषेवर असेल तर बाणाची बाजू आणि तुटक रेषेवर असेल तर पलीकडची बाजू, असा संकेत आहे. ड्रॉइंग कोणत्या पद्धतीचे आहे हे प्रथम पाहावे, आणि तसा उल्लेख नसेल तर विचारावे. तुटक रेषा दिसली की ती पुसट छपाई समजून सोडून देऊ नये.

'अ‍ॅरो साइड'चे भाषांतर मी प्रथम 'बाणाची बाजू' असे केले, आणि खुलाशात लिहिले : 'चिन्ह रेषेच्या खालच्या बाजूस असल्यास वेल्ड बाणाच्या बाजूस'. त्यावर सुपरवायझरने विचारले, "सर, म्हणजे वेल्ड खालून मारायचा का?" प्रश्न रास्त होता. माझ्या वाक्यात 'बाजू' दोनदा आली होती. पहिली कागदावरची होती, दुसरी लोखंडावरची. चिन्ह रेषेखाली असणे आणि वेल्ड वस्तूच्या तळाशी असणे यांचा काहीही संबंध नाही. बाण प्लेटच्या वरच्या अंगाला टेकला असेल, तर रेषेखालचा त्रिकोणसुद्धा वरचाच वेल्ड सांगतो.

त्यात भर म्हणजे अँगलच्या दोन पाकळ्यांना इंग्रजीत 'लेग' म्हणतात आणि फिलेट वेल्डच्या त्रिकोणाच्या दोन भुजांनाही 'लेग' म्हणतात. मी दोन्ही ठिकाणी पुन्हा 'बाजू' हाच शब्द वापरला होता. अशा प्रकारे एका पानावर 'बाजू' चार अर्थांनी नांदत होती. ललित लेखनात तोच शब्द पुन्हा येऊ नये म्हणून आपण पर्याय शोधतो. येथे नियम उलटा आहे. एका वस्तूला सर्वत्र एकच शब्द वापरावा, आणि एक शब्द एकाच वस्तूसाठी राखावा. आता मी 'बाजू' हा शब्द केवळ जोडाच्या अलीकडच्या-पलीकडच्या अंगासाठी ठेवतो. अँगलसाठी 'अँगलचा लेग' आणि वेल्डसाठी 'वेल्डचा लेग' असे लिहितो, कारण कारखान्यातही तसेच बोलतात. कागदावरील जागेसाठी 'रेषेखाली' आणि 'रेषेवर' एवढेच लिहितो. खुलाशाची टीप मग अशी होते :

'त्रिकोण रेषेखाली काढला असेल तर बाणाचे टोक जोडाच्या ज्या बाजूला टेकले आहे, त्या बाजूला वेल्ड करावा. त्रिकोण रेषेच्या वर असेल तर जोडाच्या पलीकडच्या बाजूला करावा. दोन्हीकडे त्रिकोण असतील तर दोन्ही बाजूंना करावा.'

दोन अँगल एकमेकांना जोडताना येणाऱ्या 'बॅक टु बॅक' या शब्दांसाठी मात्र मराठीत आयता वाक्प्रयोग आहे : 'पाठीला पाठ लावून'. सुपरवायझरही हेच म्हणतो.

वेल्डच्या मापात आणखी एक खाच आहे. '६ मिमी फिलेट वेल्ड'चे भाषांतर '६ मिमी जाडीचा वेल्ड' असे केले जाते. या त्रिकोणात जाडी कोठे मोजावयाची? लेग हे एक माप आहे. कोपऱ्यापासून तिरक्या पृष्ठभागापर्यंतचे सर्वांत कमी अंतर हे दुसरे माप आहे. त्याला 'थ्रोट' म्हणतात, आणि काटकोनात ते लेगच्या सुमारे ०.७ पट असते. लेग सहा असेल तर थ्रोट ४.२ भरतो. उलट थ्रोट सहा हवा असेल तर लेग सुमारे साडेआठ करावा लागतो आणि वेल्डचे पोलाद दुपटीने लागते. भारतीय ड्रॉइंगवरील वेल्डचा आकार सामान्यतः लेगचा असतो. युरोपातून आलेल्या ड्रॉइंगवर आकड्याआधी a असेल तर तो थ्रोट आणि z असेल तर लेग. a6 चे भाषांतर '6 मिमी वेल्ड' असे झाले आणि वेल्डरने गेज लावून सहाचा लेग केला, तर वेल्ड हवा त्यापेक्षा तीस टक्के दुबळा होतो. तो सुबक असतो, गेजवर बरोबर बसतो, आणि म्हणून कोणाला शंकाही येत नाही. तेव्हा 'जाडी' हा शब्द वेल्डसाठी वापरूच नये. 'लेग 6 मिमी' किंवा 'थ्रोट 6 मिमी' असे लिहावे.

'अंतर' कोठून कोठे

आता माझ्या चुकीकडे येतो. एका बीमच्या फ्लँजवर १२५० मिलिमीटर लांबीची एक पट्टी बसवावयाची होती. तिच्या दोन्ही लांब कडांना सलग वेल्ड न करता मधूनमधून वेल्ड करावयाचा होता. अमेरिकी पद्धतीच्या त्या ड्रॉइंगवर त्रिकोणाच्या डावीकडे 6 आणि उजवीकडे 50-150 असे होते. या पद्धतीत पहिला आकडा वेल्डच्या एका तुकड्याची लांबी सांगतो. दुसरा आकडा एका तुकड्याच्या मध्यापासून पुढच्या तुकड्याच्या मध्यापर्यंतचे माप सांगतो. मी लिहिले : '50 मिमी लांबीचे वेल्ड 150 मिमी अंतरावर करावेत.'

हे वाक्य मी आजही वर्गात फळ्यावर लिहितो. त्यात व्याकरणाची चूक नाही, आणि एकही शब्द कोशाबाहेरचा नाही. सुपरवायझरने ते वाचून एक वेल्ड संपला तेथून दीडशे मिलिमीटर जागा मोकळी सोडली आणि पुढचा वेल्ड सुरू केला. दोन झाडे तीन फूट अंतरावर आहेत असे आपण म्हणतो तेव्हा खोडाच्या जाडीचा विचार करीत नाही. येथे मात्र 'खोड' पन्नास मिलिमीटर रुंद होते.

परिणाम मोजून पाहा. पट्टीच्या दोन्ही टोकांना एकेक तुकडा धरला, तर पहिल्याचा मध्य टोकापासून २५ वर आणि शेवटच्याचा १२२५ वर येतो. मधल्या १२०० मिलिमीटरमध्ये दीडशेचे आठ भाग पडतात, म्हणून प्रत्येक कडेला नऊ तुकडे, म्हणजे ४५० मिलिमीटर वेल्ड हवा होता. दीडशे मोकळे सोडल्याने मध्यापासून मध्यापर्यंतचे माप दोनशे झाले. आठ भागांऐवजी सहा पडले, तुकडे सात झाले आणि वेल्ड ३५० मिलिमीटरच भरला. शंभर मिलिमीटर वेल्ड कमी पडला, म्हणजे सुमारे बावीस टक्के. तपासनीसाने मोजपट्टी लावण्यापूर्वी नुसते तुकडे मोजले आणि काम थांबवले. तोवर दोन बीम झाले होते. अभियंत्याने मोकळ्या जागांच्या मधोमध आणखी एकेक तुकडा भरावयास परवानगी दिली. परंतु जादा उष्णतेने एका बीमची पट्टी वाकली आणि ती सरळ करण्यात वेळ गेला. सुपरवायझर मला काही बोलला नाही. त्याने फक्त भाषांतराचा कागद पुढे केला आणि 'अंतरावर' या शब्दावर बोट ठेवले.

दुरुस्त टीप अशी झाली : 'पट्टीच्या दोन्ही लांब कडांना फिलेट वेल्डचे तुकडे करावेत. वेल्डचा लेग 6 मिमी; प्रत्येक तुकडा 50 मिमी लांब. एका तुकड्याच्या मध्यापासून पुढच्या तुकड्याच्या मध्यापर्यंत 150 मिमी. म्हणजे दोन तुकड्यांमध्ये 100 मिमी जागा मोकळी राहील.'

यातील शेवटचा आकडा मूळ ड्रॉइंगवर नाही. भाषांतरकाराने तो घालावा का? माझे मत असे की घालावा, पण अभियंत्याकडून सही घेऊन. तो आकडा आधीच्या आकड्याची उलटतपासणी करतो. एखाद्याने चुकीचा अर्थ लावला तर दोन्ही आकडे जुळत नाहीत आणि तो थांबतो. धोका एकच आहे. ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती आली की दोन्ही आकडे बदलावे लागतात. म्हणून भाषांतराच्या माथ्यावर ड्रॉइंगचा क्रमांक आणि आवृत्ती न चुकता लिहावी.

हेच माप आयएसओच्या तुटक रेषेच्या पद्धतीत कंसात लिहितात, आणि तेथे कंसातील आकडा मोकळ्या जागेचाच असतो. म्हणजे त्या पद्धतीच्या ड्रॉइंगवर माझे मूळ वाक्य योगायोगाने बरोबर ठरले असते! 'टाके' हा सुटसुटीत शब्दही मला या ठिकाणी सुचला होता. पण कारखान्यात 'टाका' म्हणजे तुकडे जागेवर धरून ठेवण्यासाठी मारलेला तात्पुरता, लहान वेल्ड. तो शब्द वापरला असता तर आणखी वेगळाच अनर्थ झाला असता.

एक टीप, आरंभापासून अखेरपर्यंत

बीम कॉलमला जोडण्याची एक नेहमीची टीप घेऊ : 'टू नंबर्स आयएसए ७५ × ७५ × ८, २२० लाँग, शॉप वेल्डेड टु वेब ऑफ आयएसएमबी ३००, ६ एमएम फिलेट, साइट बोल्टेड टु कॉलम फ्लँज विथ थ्री एम ट्वेंटी ८.८ बोल्ट्स ईच, २२ डाया होल्स अ‍ॅट ७० पिच, टिपिकल, अनलेस नोटेड अदरवाइज'.

इंग्रजीत हे सारे एका नामाभोवती लोंबकळत आहे. मराठीत तोच क्रम ठेवला तर सर्व विशेषणे नामाच्या आधी गोळा होतात, क्रियापद शेवटी जाते आणि वाचणाऱ्याचा श्वास संपतो. म्हणून वस्तूच्या क्रमाने न लिहिता कामाच्या क्रमाने लिहावे. प्रथम काय घ्यावयाचे, मग कारखान्यात काय करावयाचे, आणि शेवटी जागेवर काय होणार.

'ईच' हा लहानसा शब्द पाहा. प्रत्येक अँगलला तीन बोल्ट, की प्रत्येक जोडाला तीन? अँगलला तीन, म्हणजे बीमच्या एका टोकाला सहा. 'टिपिकल'चे भाषांतर पुष्कळदा 'नमुना' असे आढळते. 'नमुना' म्हटल्यावर सुपरवायझर समजतो की हे केवळ दाखवण्यापुरते आहे. अर्थ याच्या उलट आहे : अशा सर्व ठिकाणी हेच करावयाचे आहे. आणि 'अन्यथा नमूद केले नसल्यास' हे शासकीय मराठी येथे दोन नकारांनी डोके शिणवते. त्याचे दोन सरळ वाक्यांत विभाजन करावे.

'बीमच्या प्रत्येक टोकासाठी ISA 75 × 75 × 8 चे, 220 मिमी लांबीचे दोन अँगल घ्यावेत. प्रत्येक अँगलच्या कॉलमकडील लेगमध्ये M20 बोल्टसाठी 22 मिमी व्यासाची 3 भोके पाडावीत; एका भोकाच्या मध्यापासून पुढच्या भोकाच्या मध्यापर्यंत 70 मिमी. अँगल ISMB 300 च्या वेबच्या दोन्ही बाजूंना एकेक ठेवून कारखान्यातच फिलेट वेल्डने जोडावेत. वेल्डचा लेग 6 मिमी. कॉलमच्या फ्लँजला हे अँगल बांधकामाच्या जागेवर बोल्टने जोडले जातील. प्रत्येक अँगलला M20, 8.8 चे 3 बोल्ट, म्हणजे एका टोकाला 6. अशा प्रकारच्या सर्व जोडांना हेच लागू आहे. एखाद्या जोडाजवळ ड्रॉइंगवर वेगळे माप लिहिले असेल, तर तेथे ते माप पाळावे.'

हे लिहून झाल्यावर एक हिशेब करून पाहावा. भोकांमधील दोन अंतरे सत्तरची, म्हणजे १४०. अँगल २२० लांब. उरलेले ८० दोन टोकांना वाटले तर भोकाच्या मध्यापासून टोकापर्यंत प्रत्येकी ४० येतात. कात्रीने कापलेल्या कडेसाठी आयएस ८०० हे अंतर भोकाच्या व्यासाच्या किमान १.७ पट मागते. बावीसच्या भोकाला ते ३७.४ होते, तेव्हा चाळीस पुरेसे आहेत. हे तपासणे तुमचे काम नव्हे. ते अभियंत्याने केलेले असते. पण बेरीज जुळली नाही, तर बहुधा आपण एखादा आकडा चुकीचा उतरवलेला असतो, आणि ते कळण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

'करावे' या क्रियारूपाबद्दल दोन शब्द. इंग्रजी टिपेत सक्तीसाठी एक आणि शिफारशीसाठी दुसरे सहायक क्रियापद असते. मराठीतील 'करावे' दोन्हींना चालते, म्हणून ते सक्तीसाठीच राखावे. मुभा असेल तेथे 'केले तरी चालेल', आणि मनाई असेल तेथे 'करू नये'. 'करण्यात यावे' टाळावे. त्याने वाक्य लांबते आणि करणारा दिसेनासा होतो.

भाषांतर तपासण्याची एक पद्धत मला त्या सुपरवायझरनेच शिकवली. मूळ ड्रॉइंग झाकून ठेवावे, ज्याने ते पाहिलेले नाही अशा फिटरला केवळ मराठी टीप वाचून दाखवावी, आणि जमिनीवर खडूने जोड काढावयास सांगावे. मग ड्रॉइंग उघडून दोन्ही ताडून पाहावे. तो जेथे थांबतो, किंवा "कुठून?" असे विचारतो, तेथे आपले वाक्य कच्चे आहे.

सरावासाठी

१. 'सर्व वेल्ड 6 मिमी जाडीचे असावेत' या वाक्यात कोणती संदिग्धता आहे? ड्रॉइंगवर a6 लिहिलेले असल्यास आणि z6 लिहिलेले असल्यास हे वाक्य कसे लिहाल?

२. अडीच मीटर लांबीच्या पट्टीच्या एका कडेला अमेरिकी पद्धतीने 50-150 असा वेल्ड दाखविला आहे. दोन्ही टोकांना एकेक तुकडा धरून तुकडे मोजा. उत्तर पूर्णांकात येत नाही असे दिसल्यावर तुम्ही भाषांतर पुढे न्याल, की कोणाला विचाराल? नेमका कोणता प्रश्न विचाराल, तो एका वाक्यात लिहा.

३. पुढील टीप कामाच्या क्रमाने मराठीत लिहा : 'टू आयएसए ९० × ६० × ८, लाँग लेग्ज बॅक टु बॅक, बोल्टेड टु १० एमएम गसेट प्लेट विथ फोर एम सिक्स्टीन बोल्ट्स, १८ डाया होल्स, टिपिकल'. 'गसेट प्लेट' हा शब्द तसाच ठेवावा की नाही, हे ठरविण्यासाठी जवळच्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या दुकानात जाऊन तेथील कारागीर तिला काय म्हणतात ते विचारा, आणि ऐकलेला शब्द उच्चारासह नोंदवून आणा.